केळीची टाकी, कापलेली क्लिप आणि 'केमिकल'चा बोभाटा

"*रावेरच्या केळीचं सत्य!! केळीवाल्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!* हिरवी केळी केमिकलच्या पांढऱ्या पाण्यात बुडवून एका रात्रीत पिवळी करतात. इथिलीन गॅसने कॅन्सर होतो. पाण्यात तरंगली तर केमिकलची समजा. लहान मुलांना, गरोदर बायांना केळी देऊ नका. सगळ्या ग्रुपवर टाका."

(कॅमेऱ्यासमोर, पॅकहाउसच्या शेडमध्ये. खाली पूर्ण वेळ पट्टी: "टाकीत तुरटीचं पाणी आहे, केळी हिरवीच बाहेर येतात.")

नमस्कार मंडळी. वरच्या मेसेजसोबत जी क्लिप फिरतेय, तिच्यात जो माणूस बोलतो तो मीच. शेडही हीच, टाकीही हीच. अमळनेरहून मावशीने क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, "हाई खरं शे का रे भाऊ?" तिने निदान विचारलं तरी. बाकीच्यांनी विचारायच्या आधीच पुढे ढकललं. गावातले तरणे पोर स्टेटसला लावून बसलेत, ज्यांच्या बापाची स्वतःची बाग उभी आहे. काय भो, जरा तरी!

आधी माझा मूळ व्हिडिओ बघू, ज्यातून ही क्लिप कापली. व्हायरल क्लिप नंतर दाखवणार आहे, तीही आवाज बंद करून आणि आडवा शिक्का मारून, कारण इथून उचलून कुणी पुन्हा कापली तर मी तेवढ्याला पुन्हा उत्तर देत बसायचं का? खालची पट्टीही त्याचसाठी आहे. हा व्हिडिओ कुठूनही कापा, पट्टी सोबत जाईल.

(पडद्यावर: मूळ व्हिडिओ, ४:१२ ते ५:०५, एकही काप नाही. कोपऱ्यात मूळ वेळ दिसत राहते.)

ऐकलं? "ह्या पाण्यात बुडवल्याशिवाय माल बाहेर जात नाही. तुरटीचं पाणी आहे हे, चीक धुवायला." मग मी फण्या खोक्यात भरताना दाखवतो, हिरव्यागार. आणि मग म्हणतो, "संध्याकाळी गाडी भरली की एका रात्रीत माल वाशीच्या बाजारात." पहिल्या वाक्यानंतरचं तुरटीचं वाक्य उडवलं, भरणी उडवली, आणि "एका रात्रीत" एवढेच शब्द उचलून पुढे चिकटवले. त्याच्यावर चित्र टाकलं पिवळ्या केळीचं, ते माझ्याच व्हिडिओच्या नवव्या मिनिटातलं, पिकवण केंद्राच्या आतलं.

जोड कुठे आहे ते कानाने कळतं. टाकीजवळ पंप चालू होता, त्याची घरघर माझ्या आवाजामागे सारखी आहे. व्हायरल क्लिपमध्ये "बाहेर जात नाही" ह्या शब्दांवर ती घरघर एकदम तुटते आणि "एका रात्रीत"ला नुसती शांतता. कारण ते वाक्य मी गाडीजवळ उभा राहून बोललो होतो. चित्राकडेही बघा. टाकीच्या मागे पत्र्याची शेड आणि ऊन आहे. पिवळ्या केळीच्या मागे बंद खोलीची पांढरी भिंत आणि वरून ट्यूबलाइट. एका शेडमधून पाऊल न उचलता बंद खोलीत गेलो म्हणायचं.

आता ते पांढरं पाणी. सगळा बोभाटा त्याच्यावरच चाललाय, म्हणून इथे जरा थांबतो.

(जवळून: घडातून एक फणी कापतात. कापलेल्या जागेवर चीक येतो. कॅमेरा तिथेच थांबतो.)

केळीचा घड झाडावरून उतरवला की त्याच्या फण्या वेगळ्या करतात. प्रत्येक कापातून चीक गळतो. ताजा असताना पाण्यासारखा, थोडा दुधट. वाळला की तपकिरी-काळा डाग, आणि तो सालीवरून निघत नाही. अंगावरच्या कपड्यावर पडला तर कपडा गेलाच, हे बागेत काम केलेल्या कुणालाही विचारा. डाग पडलेल्या मालाला व्यापारी भाव पाडतो. म्हणून फण्या कापल्या कापल्या पाण्यात सोडतात, आणि त्या पाण्यात तुरटी असते. तुरटीने चीक गोठतो, कापाचं गळणं थांबतं आणि सुटलेला चीक पाण्यात धरला जातो. दिवसभर फण्या पडत राहिल्या की पाणी गढूळ, पांढुरकं दिसायला लागतं. म्हणजे तुम्हाला जे "केमिकल" दिसलं ते बरंचसं केळीचा स्वतःचाच चीक आहे. सकाळी भरलेली टाकी बघा, तळ दिसतो.

(पडद्यावर: सकाळी भरलेली टाकी, तळाची फरशी स्पष्ट. मग संध्याकाळची तीच टाकी.)

तापीला पूर आला की आमच्याकडे बाया घागरीत तुरटी फिरवायच्या, गाळ खाली बसायला. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर गालावर फिरवतात तीही तुरटीच. काही ठिकाणी पाण्यात थोडं क्लोरीनही टाकतात. परदेशी जाणाऱ्या मालाच्या दांड्याच्या कापाला बुरशीनाशक लावतात, तेही सांगून टाकतो, उद्या कुणी "लपवलं" म्हणायला नको. पण ह्यातल्या कशानेही केळी पिवळी होत नाही. टाकीतून हिरवी निघते, खोक्यात हिरवी जाते, वाशीला हिरवीच उतरते. पिवळी करून गाडीत भरली तर वाटेतच लगदा होईल, एवढा साधा हिशोब आहे.

मग पिवळी होते कुठे? तर बाजाराजवळच्या पिकवण केंद्रात, आणि तिथेही एका रात्रीत नाही.

केळी झाडावर पूर्ण पिकेपर्यंत कुणी ठेवत नाही. ठेवली तर एक फणी पिकते, दुसरी कच्ची राहते, साल फुटते. म्हणून साधारण पाऊण भरली की घड उतरवतात. कच्च्या केळीत पिठूळपणा असतो, म्हणजे स्टार्च; पिकताना त्याची साखर होते. हे सुरू करणारा निरोप म्हणजे इथिलीन वायू, आणि तो केळी स्वतःच सोडते. घरात तांदळाच्या डब्यात कच्चं फळ पुरून ठेवतो तेव्हा हाच वायू कोंडला जातो. जुन्या वखारीत केळी कोंडून धूर द्यायचे, त्या धुरातही इथिलीन असतं. आजच्या खोलीत तोच वायू मोजून सोडतात, एवढाच फरक.

किती सोडतात? भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, ज्याला आपण एफएसएसएआय म्हणतो, मर्यादा घातली आहे: हवेच्या १० लाख भागांत जास्तीत जास्त १०० भाग. एक खोली धरू, ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. म्हणजे ८४ घनमीटर, ८४ हजार लिटर हवा. त्यात १०० भागांच्या हिशोबाने वायू होतो ८.४ लिटर. खोलीचं तापमान १६ ते १८ अंश, हवेत भरपूर ओल. पहिले २४ तास दार बंद. मग दार उघडून हवा बदलतात, कारण केळी श्वास घेते आणि आत कार्बन डायऑक्साइड साठला तर पिकणंच अडतं. पुढे चार ते सहा दिवसांत रंग भरतो.

थंड खोली कशाला, असं कुणी विचारेल. आपल्याकडच्या मे महिन्यात उत्तर आहे. साधारण २४ अंशांच्या वर केळी पिकवली तर आतून मऊ होते आणि साल हिरवट राहते. जळगावला पारा ४५ला टेकतो तेव्हा घरात ठेवलेली हिरवी केळी आतून गळायला लागते, पण रंग काही धरत नाही. आपल्या उघड्या शेडमधल्या टाकीत एका रात्रीत पिवळी? बाबांनो, इथे उन्हाळ्यात आठवड्यातही नीट पिवळी होत नाही, तीच तर अडचण आहे.

(व्हायरल क्लिपचा तुकडा, आवाज बंद, आडवा शिक्का: "कापलेली क्लिप". चार सेकंद, पुन्हा कॅमेरा.)

कॅन्सरचं झटपट. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था इथिलीनला तिसऱ्या गटात ठेवते: माणसात कॅन्सर करतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. पहिल्या गटात आहे इथिलीन ऑक्साइड, दवाखान्यातली अवजारं निर्जंतुक करायला वापरतात तो वेगळा वायू. नाव अर्धं वाचलं की असं होतं.

तरंगायचं: केळी पाण्यात तरंगतेच, तुमच्या बागेतली सोडून बघा. ह्याच्यावर जास्त वेळ नाही घालवत.

मुलांना आणि गरोदर बाईला केळी देऊ नका, ह्या ओळीने मात्र माझं डोकं फिरतं. गरिबाच्या घरात हातात येणारं स्वस्त फळ हेच. कुणाच्या सांगण्यावरून, तर पंपाची घरघर मध्येच तुटलेल्या एका क्लिपवरून.

आता जे खरं आहे ते. मनाविरुद्ध बोलतो, पण बोलावं लागेल. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवणारे आहेत. त्यावर २०११च्या अन्न सुरक्षा नियमांत, कलम २.३.५ मध्ये, सरळ बंदी आहे. कार्बाइडला हवेतली ओल लागली की ॲसिटिलीन निघतो, आणि बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, धोका त्यांचा. इथेफॉन म्हणजे इथिलीन सोडणारं रसायन, त्याच्या द्रावणात फळ बुडवायलाही परवानगी नाही. वायू खोलीत सोडायचा, द्रव किंवा पावडर फळाला लागता कामा नये. म्हणजे "बुडवून पिकवतात" ही चोरी कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण ती आमच्या तुरटीच्या टाकीत होत नाही, आणि कार्बाइड तर पाण्यात बुडवायची चीजच नाही, ते कोरडं लागतं.

डोळ्याने कसं ओळखायचं? केळीच्या नुसत्या रंगावरून खात्रीने नाही सांगता येत. दांडा हिरवा, अंग पिवळं हे इथिलीनच्या केळीतही होतं. खरी खूण वखारीत सापडते: राखाडी-काळे खडे, कागदाच्या पुड्या बांधून फण्यांमध्ये खोचलेल्या, आणि लसणासारखा उग्र वास. तशी पुडी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जळगाव कार्यालयात कळवा, किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार टाका, दुकानाचं ठिकाण आणि फोटो लावून. फोटो त्या पुडीचा काढा, आमच्या टाकीचा नको.

(पट्टी कायम. वर्णनात मूळ व्हिडिओचा दुवा, ४:१२ पासून सुरू होणारा. पिन केलेल्या कमेंटमध्ये तोच.)