पॉईंट संपला, तरी व्हॉली संपलेली नसते

पिकलबॉलच्या दुहेरी सामन्यांत नेटजवळ होणाऱ्या वादांपैकी निम्मे वाद एकाच वाक्यावर येऊन थांबतात, आणि ते वाक्य म्हणजे, ‘अहो, पॉईंट आधीच संपला होता, मग माझा पाय किचनमध्ये गेला तर बिघडलं कुठं?’ हे म्हणणारा खेळाडू सहसा प्रामाणिक असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते पटण्यासारखे वाटते. माझ्या मते मात्र नॉन-व्हॉली झोनच्या, म्हणजेच नेटलगतच्या या ‘किचन’च्या, नियमाचा सगळा अर्थ याच ठिकाणी आहे, आणि तो नीट समजून न घेता बहुतेक जण केवळ ‘किचनमध्ये उभे राहायचे नाही’ एवढीच अर्धवट आवृत्ती पाठ करून खेळत असतात.

खरे तर किचनमध्ये उभे राहायला कोणतीही मनाई नाही. नेटच्या दोन्ही बाजूंना 7 फुटांपर्यंत आणि कोर्टाच्या पूर्ण 20 फूट रुंदीत पसरलेल्या या पट्ट्यात तुम्ही केव्हाही जाऊ शकता, टप्पा पडलेला चेंडू तिथून मारू शकता आणि मारल्यावर तिथेच थांबलात तरी तो फॉल्ट होत नाही (पुढचा चेंडू थेट अंगावर आला तर पंचाईत होईल, हे वेगळे). मनाई आहे ती तिथे असताना व्हॉली मारण्याला, म्हणजे टप्पा पडण्याआधी चेंडू हवेतच मारण्याला. किचनची रेषा किचनचाच भाग आहे, त्यामुळे बुटाचे टोक रेषेला नुसते टेकले तरी पाय आत गेला असेच धरले जाते. याउलट हा झोन फक्त जमिनीपुरता आहे. त्याच्या वरची हवा मोकळी असते, म्हणून पाय बाहेर ठेवून पॅडल किचनच्या वर नेऊन चेंडू मारणे पूर्णपणे वैध आहे.

आता पॉईंट संपल्याचा मुद्दा घेऊ. समजा, तुम्ही रेषेपासून वीतभर मागे उभे आहात आणि प्रतिस्पर्ध्याचा डिंक, म्हणजे नेटजवळ हळुवार टाकलेला चेंडू, जरा उंच आला. तुम्ही एक पाऊल पुढे टाकून, पण रेषेच्या बाहेरच राहून, तो खांद्याच्या उंचीवर हवेत मारला. चेंडू त्यांच्या दोघांच्या मधून गेला आणि त्याचे दोन टप्पे पडले, म्हणजे रॅली संपली. मात्र फटक्याच्या जोराने तुमचे वजन पुढच्या पायावर गेले होते, आणि तोल सावरताना मागचा पाय पुढे येऊन रेषेवर टेकला. इथे फॉल्ट तुमचा आहे आणि ती रॅली प्रतिस्पर्ध्यांनी जिंकली. नियमाच्या दृष्टीने व्हॉली म्हणजे चेंडू पॅडलला लागण्याचा क्षण नव्हे. पॅडलची पुढे जाणारी झेप आणि त्या फटक्यामुळे शरीराला मिळालेली गती, हे सगळे व्हॉलीतच मोडते. ती गती थांबेपर्यंत व्हॉली चालू असते, मग चेंडू तोवर ‘डेड’ झालेला असला तरीही.

अनेकांना हे अन्यायाचे वाटते, पण मला ते अपरिहार्य वाटते. गतीचे हे कलम काढून टाकले तर रेषेबाहेरून उडी घेऊन, हवेत असताना नेटच्या अगदी जवळ चेंडू खाली ठोकायचा आणि मग खुशाल किचनमध्ये उतरायचे, हा खेळाचा सर्वांत फायदेशीर फटका होईल. 7 फुटांचे ते अंतर मग फक्त रंगापुरते उरेल. डिंकची शांत, चिवट देवघेव टिकून आहे ती नेटवर चढून मारणाऱ्याला आपल्या शरीराचाही हिशेब द्यावा लागतो म्हणूनच.

गती थांबली हे ओळखायचे कसे, याला सेकंदांचे माप नाही आणि ते असूही नये. मी पाहतो ते एवढेच की खेळाडू तोल सावरून स्थिर झाला होता का, आणि त्यानंतरचे पाऊल त्याने स्वतःच्या इच्छेने टाकले का. जो फटका मारून थांबला, सरळ झाला आणि मग चेंडू उचलायला किचनमध्ये चालत गेला, त्याचा फॉल्ट नाही. जो हात गरगर फिरवत, टाचा उचलून रेषेमागे डुलतो आहे, त्याची व्हॉली अजून चालू आहे. अशा वेळी जोडीदाराने मागून शर्ट धरून ओढले आणि पाय आत पडू दिला नाही तर ते चालते, मात्र तो जोडीदार स्वतः किचनला टेकलेला नसावा. त्याच्या अंगावर टेकून तुम्ही तोल सावरलात आणि त्याचा पाय किचनमध्ये असेल, तर फॉल्ट झालाच. फटक्याच्या झटक्याने टोपी, गॉगल किंवा खिशातला चेंडू किचनमध्ये पडला तरीही तोच निकाल.

दुसरी फसगत परत बाहेर येताना होते, आणि ती गतीच्या प्रकरणापेक्षाही कमी लोकांच्या लक्षात येते. आखूड आलेला डिंक घेण्यासाठी तुम्ही उजवा पाय किचनमध्ये टाकला आणि डावा बाहेरच ठेवला. टप्पा पडलेला चेंडू मारून तुम्ही मागे सरकू लागलात, तेवढ्यात समोरच्याने जोरात तुमच्या छातीवर चेंडू मारला. उजवा पाय आतून उचललेला आहे, पण बाहेर टेकलेला नाही, आणि त्याच क्षणी तुम्ही पॅडल आडवे धरून चेंडू हवेतच परतवला. पाय किचनला लागलेला नव्हता हे खरे असले तरी हा फॉल्टच आहे, कारण एकदा किचनला स्पर्श झाला की दोन्ही पाय किचनच्या पूर्णपणे बाहेर जमिनीला टेकल्याशिवाय व्हॉली मारता येत नाही. किचनमधून मागे उडी मारून हवेत असताना चेंडू घेणाऱ्यालाही हाच नियम लागू होतो. अनुभवी खेळाडू समोरचा आत आलेला दिसला की मुद्दाम पुढचा चेंडू वेगाने अंगावर मारतात, तो यामुळेच. त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

पंच नसलेल्या खेळात खरी अडचण निर्णयाची असते. मारणाऱ्याची नजर चेंडूवर असते, तशी ती असायलाही हवी, त्यामुळे स्वतःचा बूट रेषेला टेकल्याचे त्याला बहुधा कळतच नाही. प्रतिस्पर्ध्यांना तुमचा किचनचा फॉल्ट पुकारण्याची मुभा आहे, पण त्यावर मतभेद झाला तर ती रॅली पुन्हा खेळायची असते. ही तडजोड काहींना पळवाट वाटते. मला ती योग्य वाटते, कारण नेटपलीकडून दोन इंच रुंदीच्या रेषेवरचे बुटाचे टोक खात्रीने दिसणे कठीण असते. सर्वांत चांगले दिसते ते शेजारी उभ्या असलेल्या जोडीदाराला. म्हणून माझ्याबरोबर खेळणाऱ्यांना मी सांगून ठेवतो, की मी व्हॉली मारत असताना तुम्ही चेंडूमागे पाहू नका, माझ्या पायांकडे पाहा, आणि पाय लागलेला दिसला तर प्रतिस्पर्ध्यांनी तोंड उघडण्याआधी तुम्हीच फॉल्ट म्हणा. जिंकलेली रॅली स्वतःच्याच जोडीदाराने घालवली म्हणून एखादा रुसतो, पण त्या रॅलीचा हिशेब पुढच्या सर्व्हिसआधीच मिटलेला असतो.