गुडविल कुणाच्या वहीत?
"बाबांनी 20 वर्षं दुकानाचं नाव कमावलं, मग ताळेबंदात त्याची किंमत शून्य कशी?"

कारण ते नाव, हिशेबाच्या भाषेत गुडविल, कुठल्याही व्यवहारात विकत घेतलेलं नाही. वहीत तेच चढतं ज्याचा पैशात खात्रीने आकडा सांगता येतो. म्हणूनच आपल्याकडचं लेखामानक 26 स्वतः कमावलेलं गुडविल मालमत्ता म्हणून दाखवू देत नाही.

समजा दुकानाची मालमत्ता आजच्या भावाने 18 लाख आणि देणी 4 लाख, म्हणजे निव्वळ 14. कुणी ते 20 लाखांना घेतलं, तर वरचे 6 लाख गुडविल म्हणून घेणाऱ्याच्या वहीत येतात. बाबांच्या वहीत ते कधीच नव्हतं. धंदा आणि मालक वेगळे धरतात (घरखर्चाला काढलेले पैसेही 'उचल' म्हणून लिहितात), तसे दोन धंदेही वेगळे.

दुकानातल्या कारागिराचं कौशल्य मात्र दुकान विकलं तरी वेगळी मालमत्ता म्हणून वहीत येत नाही. त्याचा पगार खर्चात दिसतो, हात दिसत नाही. तो सोडून गेला त्या दिवशी एकही नोंद होत नाही. दोन-तीन महिन्यांनी विक्रीचा आकडा घसरतो तेव्हा कळतं. घेणाऱ्याने आधी त्याच्याशी बोलावं, ताळेबंद मग पाहावा.