साडेसात, पण कोणाचे?

"जाहिरातीत 'संध्याकाळी ७.३० IST' असे स्पष्ट लिहिले होते. तरी परदेशातल्या लोकांचा गोंधळ का व्हावा?" असा प्रश्न वेबिनार संपल्यावर भारतातल्या एका आयोजकांनी विचारला.

मी डब्लिनमध्ये राहतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास पुढे जातात आणि तेव्हापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत जी वेळ चालते, तिला 'आयरिश स्टँडर्ड टाइम' म्हणतात, म्हणजे तीही IST. इस्रायलमध्येही हीच तीन अक्षरे वापरतात. आमच्या वेबिनार-मालिकेतले पाचवे सत्र ४ एप्रिल २०२६ रोजी होते. त्यासाठी माझी एक आयरिश सहकारी इथल्या साडेसातला हजर झाली, तेव्हा दुपारी तीनला सुरू झालेला कार्यक्रम केव्हाच आटोपला होता. तिने लिहिले होते तेच वाचले होते. 'भारतीय वेळ' हे दोन शब्द लिहिले असते, तर हे टळले असते.

दुसरी चूक मात्र नावाची नव्हती. मालिका ७ मार्चपासून दर शनिवारी होती. जानेवारीतच कोणीतरी हिशेब करून न्यूयॉर्क सकाळी ९ आणि डब्लिन दुपारी २ असे लिहिले, आणि तेच पत्रक पाचही आठवडे फिरले. अमेरिकेत घड्याळ ८ मार्चला बदलले, युरोपात २९ मार्चला. त्यामुळे १४ मार्चपासून न्यूयॉर्कची खरी वेळ १० झाली, डब्लिनची दोनच राहिली आणि ४ एप्रिलला तीन झाली. मधल्या तीन शनिवारी न्यूयॉर्क आणि डब्लिन यांच्यात पाचऐवजी चारच तासांचे अंतर होते. भारतातल्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याचे घड्याळ वर्षभर हलत नाही. हलतो तो बाकीच्यांचा काटा. वसंतात या चुकीमुळे लोक तासभर आधी येऊन ताटकळतात आणि तक्रार करतात, म्हणून ती लगेच कळते. शरदात उलटे होते. युरोपात २५ ऑक्टोबर आणि अमेरिकेत १ नोव्हेंबरनंतर जुन्या पत्रकावर विसंबणारा माणूस तासभर उशिरा पोहोचतो आणि बहुधा गुपचूप निघून जातो.

"मग सगळ्यांना UTC, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ द्या, वाद मिटला," असे आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले. यंत्राला ते पुरे असते. पण '१४:०० UTC' वाचून किती जण उठून घड्याळ लावतील? माझ्या मते मूळ वेळ भारतीयच ठेवावी, कारण न हलणारा खुंटा तोच आहे, आणि इतर शहरांच्या वेळा प्रत्येक सत्रासाठी नव्याने, वार आणि तारखेसह काढाव्यात. ईशान्य भारतासाठी वेगळ्या वेळेची मागणी अधूनमधून होते. ती कधी मान्य झाली, तर हा खुंटाही शहराच्या नावाने सांगावा लागेल. घड्याळ बदलणे बंद करावे, असे युरोपीय संसदेने २०१९ मध्येच मत दिले होते. इथे अजून दर वर्षी दोनदा काटे फिरतातच.

कॅलेंडरचे निमंत्रण पाठवले की हिशेब आपोआप होतो, हे खरे. पण निमंत्रणात काय भरले आहे, ते पाहावे लागते. कॅलेंडर प्रणालींवर काम करणाऱ्या एका मित्राने आमची फाइल उघडली, तर तीत सुरुवातीची वेळ अशी होती:

```
DTSTART:20260404T193000
```

यात ही वेळ कोणत्या प्रदेशाची, हेच नाही. त्यामुळे ज्याच्या त्याच्या फोनवर त्याचे स्वतःचे साडेसात दिसतात. हवे होते ते असे:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260404T193000
```

साडेपाच तासांचा फरक न लिहिता प्रदेशाचे नाव लिहिण्यावर त्याचा भर होता, कारण सरकारे नियम बदलतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये घड्याळ पुढे नेण्याचा दिवस ऐन वेळी लांबवला गेला आणि काही दिवसांत तो निर्णय मागेही घेतला गेला. फाइलमध्ये नाव असेल, तर प्रणालीतले नियम अद्ययावत झाल्यावर वेळ सुधारते. आकडा तसाच राहतो. तपासण्याची त्याची रीत सोपी आहे: आपल्या संगणकाचा प्रदेश सिडनी करायचा आणि निमंत्रण उघडायचे. तरीही साडेसातच दिसले, तर ते पाठवू नये.

सिडनीचा उल्लेख निघताच तिथल्या एक ताई म्हणाल्या, "वेळ बरोबर लिहाल हो, पण आमच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजतो, त्याचे काय?" प्रश्न हा नव्हता, पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट सापडली. पत्रकात 'शनिवारी रात्री १' असे होते, आणि तो एक रविवारच्या तारखेचा असल्याने काही जण आदल्या रात्री जागले. आता तिथे 'रविवार, ५ एप्रिल, पहाटे १' असे लिहितो. वेळच बदलावी का, यावर मात्र एकमत नाही. भारतात सकाळी साडेनऊ ठेवले, तर सिडनीची दुपार साधते, पण न्यूयॉर्कला मध्यरात्र होते.