चंद्र एकीकडे, भरती दोन्हीकडे

कोजागिरी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास पडतो. चंद्र समुद्राचं पाणी उचलतो, माणसाच्या अंगात सत्तर टक्के पाणी असतं, म्हणून पौर्णिमेला मन सैरभैर होतं. खाली चार-पाच हात जोडलेले. मी दरवर्षी एकच विचारतो, मग आपल्या अंबाझरीला भरती काऊन येत नाही बाप्पा? तिथं तर शंभर टक्के पाणी आहे. उत्तर येतं, "तलाव लहान आहे ना दादा." उत्तर बरोबरच आहे. पण लहान असण्याचा भरतीशी संबंध काय, हे विचारलं की ग्रुप शांत.

माझं म्हणणं असं आहे की याचा दोष ग्रुपवाल्यांचा नाही. शाळेत आपल्याला अर्धंच सांगतात. पृथ्वीचं चित्र, शेजारी चंद्र, चंद्राकडच्या बाजूला पाण्याचा फुगवटा. चंद्र ओढतो, पाणी वर येतं. इथवर पोराला पटतं. मग चित्रात पलीकडच्या बाजूलाही तसाच फुगवटा असतो आणि तिथं मास्तर पान उलटतात. चंद्र इकडे, मग पाणी तिकडे का वर? खरं तर भरतीचं सगळं गुपित या दुसऱ्या फुगवट्यातच आहे. तो समजला की पहिला आपोआप समजतो. नुसता पहिला समजलाय असं वाटत असेल तर तोही समजलेला नाही.

गॅलिलिओसारखा माणूस इथं घसरला होता. १६३२ साली त्यानं भरतीचं कारण मांडलं, पण चंद्राचा संबंध उडवून लावला. पृथ्वीच्या स्वतःच्या दोन गतींमुळे समुद्र हिंदकळतो, असं त्याचं मत. त्या हिशेबानं दिवसाला एकच भरती यायला हवी. दोन येतात हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्यानं समुद्राच्या लांबी-खोलीवर ढकलून दिलं. नीट उत्तर १६८७ मध्ये न्यूटननं दिलं.

ते उत्तर आकड्यांनीच सांगतो, कारण आकडे सोपे आहेत. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे पृथ्वीची चंद्राकडची बाजू केंद्रापेक्षा चंद्राला तेवढी जवळ, आणि पलीकडची तेवढीच लांब. अंतर वाढलं की ओढ वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पृथ्वीच्या केंद्राशी चंद्राची ओढ १००० धरा. मग जवळच्या बाजूला ती भरते १०३४, आणि पलीकडच्या बाजूला ९६८. तिन्ही ठिकाणी ओढ चंद्राच्याच दिशेनं आहे. पलीकडच्या पाण्याला चंद्र ढकलत वगैरे नाही, तेही चंद्राकडेच ओढलं जातंय.

आता जी गोष्ट चित्रात कधीच काढत नाहीत ती. चंद्र फक्त पाण्याला ओढत नाही, अख्ख्या पृथ्वीला ओढतो. आणि पृथ्वी कुठं खिळा ठोकून बसवलेली नाही, ती त्या ओढीखाली सरकते. दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती ती दर महिन्याला एक छोटी फेरी मारते ती याच ओढीमुळे. म्हणजे पृथ्वी एकसंध १००० च्या हिशेबानं चंद्राकडे 'पडते' आहे, आणि आपण किनाऱ्यावर उभे राहून जे बघतो ते या पडणाऱ्या पृथ्वीवरून बघतो.

वर्धा रोडवर एकामागोमाग तीन गाड्या जाताहेत असं समजा. पुढची थोडी जोरात, मधली मध्यम, मागची थोडी हळू. तिघी जाताहेत बुटीबोरीकडेच. पण मधल्या गाडीत बसलेल्याला काय दिसेल? पुढची पुढे सुटतेय आणि मागची मागे पडतेय, दोघीही आपल्यापासून दूर जाताहेत. भरतीचं अगदी हेच आहे. १०३४ मधून १००० वजा केले की चंद्राच्या दिशेनं ३४ उरतात. ९६८ मधून १००० वजा केले की उणे ३२, म्हणजे चंद्राच्या उलट दिशेनं ३२. हा झाला दुसरा फुगवटा. दोन्ही जवळजवळ सारखे का, तेही इथंच कळतं. ३४ आणि ३२ मध्ये फारसं अंतर नाही.

पृथ्वी या दोन फुगवट्यांखालून दिवसाला एक गिरकी घेते, म्हणून एका जागी दोन भरत्या. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकतो, त्याला पुन्हा गाठायला साधारण पन्नास मिनिटं जास्त लागतात. त्यामुळे दोन भरत्यांत बारा तास नाही, बारा तास पंचवीस मिनिटं जातात. मुंबईत आज दुपारी बाराला भरती असेल तर पुढची रात्री साडेबाराच्या आत-बाहेर, आणि उद्या दुपारची पावणेएकनंतर.

आता माझी खास तक्रार. बऱ्याच गाईडांमध्ये आणि क्लासच्या नोट्समध्ये दुसऱ्या भरतीचं कारण एका शब्दात उरकलेलं असतं: अपकेंद्री बल. पृथ्वी गोल फिरते म्हणून पलीकडचं पाणी बाहेर फेकलं जातं, झालं. हे वाचून पोरगं समजतं की पृथ्वीच्या गिरकीमुळे पाणी उडतंय. गिरकीमुळे पृथ्वी विषुववृत्तावर फुगते हे खरं, पण तो फुगवटा सगळीकडून सारखा आणि कायमचा आहे, त्यानं भरती-ओहोटी होत नाही. जे जरा जास्त शिकलेत ते म्हणतात, गिरकी नाही, गुरुत्वमध्याभोवतीची मासिक फेरी. बरं, ताडून बघू. हा मध्य पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर, चंद्राच्या बाजूला आहे. फेकलं जाणं त्यापासूनच्या अंतरावर ठरत असतं तर पलीकडची बाजू त्याच्यापासून अकरा हजार किलोमीटर आणि अलीकडची जेमतेम सतराशे, मग दोन भरत्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला असता. तसा पडत नाही. या फेरीचं अपकेंद्री बल नीट मांडलं तर ते पृथ्वीवर सगळीकडे सारखंच निघतं, त्याच १००० एवढं. म्हणजे फिरून तीच वजाबाकी. आणि पक्की कसोटी हवी असेल तर ही घ्या: पृथ्वीची फेरी थांबवली आणि ती सरळ चंद्राच्या दिशेनं पडू लागली, तरी दोन्ही फुगवटे येतीलच. गोल फिरणं गरजेचंच नाही.

सूर्यावरूनही हे तपासता येतं. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे १७९ पट जोरानं ओढतो. भरती नुसत्या ओढीनं येत असती तर चंद्राला कोणी विचारलं नसतं. पण सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या या बाजूला आणि त्या बाजूला त्याची ओढ जवळपास सारखीच पडते. आपल्या मापात केंद्राशी १,७९,००० आणि दोन्हीकडे फरक फक्त पंधराच्या आसपास. चंद्राच्या ३३ ला सूर्याचे १५. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात आणि बेरीज होते, ते उधाण. अष्टमीला आडवे येतात आणि वजाबाकी होते, ती भांगाची भरती. पौर्णिमेलाच काही विशेष असतं असं मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की अमावास्येला उधाण तितकंच येतं.

आता अंबाझरी. वरचा ३४ चा आकडा मोठा वाटत असेल तर त्याची लायकी सांगतो. तो पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाच्या नव्वद लाखाव्या हिश्शाएवढा आहे. सत्तर किलोच्या माणसाचं वजन त्यानं सुमारे आठ मिलिग्रॅमनं कमी होतं. एवढ्यात पाणी सरळ वर उचललं जाणं शक्यच नाही, आणि चंद्र तसं उचलतही नाही. खरं काम होतं आडवं. चंद्र जिथं डोक्यावर आहे आणि त्याच्या अगदी उलट जिथं आहे, त्या दोन जागा सोडून मधल्या पट्ट्यांत हा फरक पाण्याला तिरका ओढतो. त्याचा उभा भाग पृथ्वीच्या गुरुत्वापुढे हरतो. पण आडव्या भागाला अडवायला गुरुत्व नसतं, म्हणून हजारो किलोमीटरचं पाणी अगदी थोडं थोडं सरकत त्या दोन जागांकडे गोळा होतं. एवढं लांबवरून पाणी जमा व्हायला महासागरच पाहिजे. अंबाझरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत चंद्राची ओढ सारखीच, वजा करायला काही उरतच नाही. आणि पाच-सहा फुटी माणूस पृथ्वीच्या व्यासाच्या पंचाहत्तर लाखाव्या भागाएवढा, त्याच्या डोक्यात आणि पायात चंद्रानं काय फरक करावा? अंगातल्या सत्तर टक्के पाण्याचा विषय इथं मिटतो.

दोन फुगवट्यांचं चित्र मात्र कारण समजायलाच चांगलं, किनाऱ्यावर ते चालत नाही. सगळी पृथ्वी खोल पाण्यानं झाकलेली असती तर चंद्राची भरती-ओहोटी मिळून अर्ध्या मीटरच्या थोडी वर गेली असती. मुंबईला उधाणात चार मीटरच्या आसपास फरक पडतो, खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्या घरात, आणि कोचीला एक मीटर. चंद्र तर तोच आहे. कारण असं की विषुववृत्तावर चंद्राखालची जागा ताशी सोळाशे किलोमीटरनं पळते, आणि चार किलोमीटर खोल समुद्रात भरतीची लाट ताशी सातशेच्या आसपासच जाऊ शकते. पाणी चंद्राला गाठूच शकत नाही. मध्ये खंड आडवे येतात. त्यामुळे समुद्र चंद्राच्या तालावर हलतो, पण किती आणि कधी, हे त्याची खोली आणि किनाऱ्याचा आकार ठरवतात. १७७० च्या दशकात लाप्लासनं हे गणितात बसवलं. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात तर दिवसाला एकच भरती येते. म्हणून 'दोन भरत्या' हा नियम सगळीकडे लावायचा नाही. बंदराचं वेळापत्रक नुसत्या चंद्रावरून बनत नाही, तिथल्या पाण्याची वर्षानुवर्षांची मोजणी लागते.

आणि नागपूरकरांनो, भरती आपल्याकडेही येते, पाण्याला नाही, जमिनीला. पृथ्वी पूर्ण टणक नाही, त्याच फरकानं तीही ताणली जाते. आपल्या पायाखालची जमीन दिवसातून दोनदा साधारण फूटभर वर-खाली होते, उधाणाच्या दिवसांत थोडी जास्त. कळत नाही कारण सीताबर्डीचा किल्ला, आपलं घर आणि वर्धा सगळेच एकदम वर जातात, मोजायला शेजारी काही स्थिर उरत नाही. गुरुत्व मोजणाऱ्या नाजूक यंत्रांना कळतं. जिनिव्हाजवळ सत्तावीस किलोमीटर घेराचा कणांचा त्वरक होता, त्यालाही कळलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कणांची ऊर्जा दिवसभरात थोडी थोडी बदलताना दिसली. शोध घेतला तर खालचा खडक चंद्रासोबत ताणला जाऊन त्या सत्तावीस किलोमीटरच्या घेरात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडत होता.