बिल अडत्याकडे गेलं असेल तर नूतनीकरणाची एन्ट्री कशी पडते

प्रतिक्रिया: "सर, मागच्या पोस्टमधली दालमिलची एन्ट्री मला पटली नाही. बिल रिन्यू झालं म्हणजे जुनं बिल रद्द, मग अण्णांच्या नावे टाकून बिल्स रिसिव्हेबल जमा करायला पाहिजे. तुम्ही अडत्याचं खातं जमा केलंय, त्याचा काय संबंध? व्याज पण ६०,००० वर हवं, तुम्ही ४०,००० वर धरलं. नोटिंग चार्जेस पण उगाच घुसडलेत. मी पारोळ्याला बारावीच्या क्लासला हेच शिकवतो, पोरं तुमची पोस्ट दाखवून माझ्याशी वाद घालायला लागली."

उत्तर:

सर, तुम्ही शिकवता म्हणजे नीट बोलायला पाहिजे, म्हणून थोडं लांब लिहितो. पोरांना हे वाचायला द्या हवं तर आणि मग त्यांच्याशी वाद घाला.

आधी हिशोब परत मांडतो, कारण मागच्या पोस्टमध्ये तारखा विखुरल्या होत्या. जळगावच्या दालमिलवाल्या नानांनी शहाद्याच्या किराणावाल्या अण्णांना उडीद डाळ उधार दिली, ६०,००० ची. १० नोव्हेंबरला तीन महिन्यांचं बिल काढलं, म्हणजे तीन महिन्यांनी ६०,००० द्या असा लेखी हुकूम, अण्णांनी त्यावर स्वीकृतीची सही केली. इकडे नाना स्वतः चोपड्याच्या अडत्याचे ६०,००० देणं लागत होते, उडदाचे. मग १५ नोव्हेंबरला नानांनी बिलाच्या पाठीवर सही करून ते अडत्याला देऊन टाकलं. तीन महिने अधिक सवलतीचे तीन दिवस धरून बिलाची तारीख १३ फेब्रुवारी येते. त्या दिवशी अडत्याने बिल दाखवलं, अण्णांकडे पूर्ण पैसे नव्हते (गावागावातली उधारी अडकलेली, भाव वाढेल म्हणून कापूस घरातच पडून, तुम्हाला माहीतच आहे), बिल परत गेलं. अडत्याने नोटरीकडे नोंद करून घेतली, १५० खर्च झाला. संध्याकाळी अण्णा नानांना म्हणाले, आता २०,००० रोख आणि नोटिंगचे १५० घ्या, बाकीचं दोन महिन्यांचं नवं बिल करा, वर्षाला बारा टक्क्याने व्याज देतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा. बिल्स रिसिव्हेबल जमा करायचं म्हणता, पण सर, १३ फेब्रुवारीला नानांकडे ते बिल आहे कुठे? ते १५ नोव्हेंबरलाच गेलं, तेव्हाच अडत्याच्या नावे टाकून बिल्स रिसिव्हेबल जमा झालं, खातं शून्य झालं. जो कागद आपल्या कपाटातच नाही तो दुसऱ्यांदा बाहेर कसा काढणार? तुमची एन्ट्री टाकून बघा ना. बिल्स रिसिव्हेबलमध्ये ६०,००० उलट बाजूला राहतात, नवं बिल ४०,८०० चं आलं तरी १९,२०० उलटे उरतात. हातात असलेल्या बिलांची किंमत शून्याच्या खाली कशी जाईल? आणि गंमत म्हणजे ट्रायल बॅलन्स जुळतो, कारण दोन्ही बाजूला आकडा सारखाच पडलाय, म्हणून चूक डोळ्यात भरत नाही, ती फक्त बिल्स रिसिव्हेबलचं खातं उघडलं की दिसते. दुसरी खूण अडत्याच्या खात्यात. तुमच्या एन्ट्रीने तो शून्यावर राहतो, म्हणजे नाना त्याचं काहीच लागत नाहीत, आणि तिकडे तो सकाळपासून तीनदा फोन करतोय की माझे साठ हजार आणि वरचे दीडशे कधी देताय.

अडत्याचा संबंध इथेच आहे. त्याने ते बिल पैसे समजून घेतलं होतं, पैसे आले नाहीत, म्हणून नानांचं जुनं देणं परत उभं राहिलं. त्याच्या वहीत तर अण्णांचं खातंच नाही, त्याचा गिऱ्हाईक नाना. म्हणून नानांच्या वहीत एन्ट्री अशी:

अण्णांच्या नावे ६०,१५०, अडत्याच्या खाती जमा ६०,१५०.

साठ हजार बिलाचे आणि दीडशे नोटिंगचे. दीडशे खिशातून अडत्याचे गेले, म्हणून त्याला जमा, आणि शेवटी भरायचे अण्णांनी, म्हणून त्यांच्या नावे. नाना मध्ये फक्त पोस्टमन.

नोटिंग उगाच घुसडलं म्हणता, तर अर्धं बरोबर आहे तुमचं. आपल्या देशातल्या देशात काढलेल्या बिलाला नोटिंग केलंच पाहिजे असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात नाही, कलम ९९ प्रमाणे ते धारकाच्या मर्जीवर आहे. बिल परत गेल्याची नोटीस मात्र नानांना वेळेत मिळाली पाहिजे, ती चुकवली तर नानांवर दावा अडचणीत येतो. पण अडत्याने केलं, खर्च झाला, तर तो दाखवायलाच लागेल. अण्णांनी तारखेच्या आधीच विचारलं असतं तर नोटिंगचा प्रश्नच नव्हता. आणि तेव्हा तुमची एन्ट्री पण बसली असती, एक पायरी आधी टाकून. समजा १० फेब्रुवारीला नानांनी अडत्याला साठ हजार रोख देऊन बिल परत ताब्यात घेतलं, तर बिल्स रिसिव्हेबल नावे, रोख जमा. आता बिल खरंच कपाटात आलं, आता ते रद्द करून अण्णांच्या नावे आणि बिल्स रिसिव्हेबल जमा, तुम्ही म्हणता तसंच. म्हणजे सगळं यावर ठरतं की रद्द करताना कागद कोणाच्या हातात होता. पोरांना प्रश्न वाचताना हेच शोधायला लावा.

व्याजाचं. अण्णांनी २०,००० त्याच दिवशी रोख दिले, त्या पैशांसाठी नानांना एक दिवस पण थांबायला लागत नाही, मग त्याचं व्याज कशाचं? थांबायचं आहे ४०,००० साठी, दोन महिने, बारा टक्क्याने ८०० होतात. साठावर धरलं तर १,२०० होतील, आणि अण्णा म्हणतील बरं मग वीस हजार पण दोन महिन्यांनी देतो, व्याज तर घेताच आहात. (वरचे तीन दिवस व्याजात धरत नाही आपण, परीक्षेच्या पेपरात पण नाही. बाजारात कोणी धरलेच तर आधी बोलून घ्यायचं.) पेपरात कधी कधी व्याज रोख देतो असं दिलेलं असतं, मग नवं बिल ४०,००० चंच होतं, ते प्रश्नात बघून घ्यायचं, पाठ करून चालत नाही. आपल्या गोष्टीत व्याज बिलात घातलंय.

अण्णांच्या नावे व्याज ८००, व्याज खात्याला जमा. रोख नावे २०,१५०, अण्णांना जमा. बिल्स रिसिव्हेबल नावे ४०,८००, अण्णांना जमा. अण्णांचं खातं बघा, नावे ६०,१५० आणि ८०० म्हणजे ६०,९५०, जमा २०,१५० आणि ४०,८००, तेवढेच, खातं बंद.

पण नानांचं काम संपलं नाही, आणि बहुतेक गाईडबुक इथेच थांबतात, माझा राग त्यावर आहे. अडत्याचे ६०,१५० जमा तसेच बसलेत. त्याला काय द्यायचं? दोन वाटा आहेत आणि दोन्हीत व्याजाचा मालक बदलतो.

पहिली वाट, नाना खमके असले तर ६०,१५० रोख देऊन मोकळे होतात आणि नवं बिल स्वतःकडे ठेवतात. मग ८०० नानांची खरी कमाई, कारण दोन महिने पैसा नानांचा अडकला.

दुसरी वाट, अण्णांकडून आलेले २०,१५० तसेच अडत्याला दिले, राहिले ४०,०००, त्यासाठी नवं बिल पाठीवर सही करून त्याला दिलं. बिल ४०,८०० चं आणि देणं ४०,००० चं. वरचे ८०० कोणाचे? आता थांबणार अडत्या, तो म्हणणार व्याज माझं, आणि बरोबर म्हणणार. मग व्याज नावे ८००, अडत्याला जमा ८००, आणि नंतर अडत्याच्या नावे ४०,८००, बिल्स रिसिव्हेबल जमा. नानांचं व्याज आलं आणि गेलं, हातात शून्य. ही एन्ट्री विसरली की अडत्याच्या खात्यात ८०० उगाच येणं दिसतात, नाना मागायला जातात आणि चहा न पिता परत येतात. असं भांडण मी एका ठिकाणी मार्चएंडला बघितलंय, दोघं एकमेकाला चोर म्हणत होते आणि चूक फक्त दिवाणजीची होती.

मार्चवरून, नवं बिल १३ फेब्रुवारीचं दोन महिन्यांचं, म्हणजे तारीख १६ एप्रिल. ते अडत्याकडे दिलं असेल तर ३१ मार्चच्या ताळेबंदात नानांकडे बिल दिसणार नाही, पण खाली टीप म्हणून ४०,८०० ची संभाव्य देयता लिहायला पाहिजे. अण्णा एप्रिलमध्ये परत हात वर करू शकतात ना.

एक शंका तुम्ही विचारली नाही पण पोरं विचारतील. अडत्याने परस्पर अण्णांशी बोलून मुदत वाढवली, नानांना न सांगता, तर चालेल का? तसं केलं तर अडत्याचंच नुकसान. स्वीकृती झाल्यावर मुख्य देणेकरी अण्णा, नाना त्यांच्या मागे जामिनासारखे उभे, आणि जामीनदाराला न विचारता मुदत द्यायचा करार केला की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे जामीनदार सुटतो. १८८१ च्या कायद्याचं कलम ३९ त्यावर एक पळवाट देतं, धारकाने करारातच स्पष्ट लिहून ठेवलं की बाकीच्यांवरचा माझा हक्क राखून ठेवतोय, तर ते सुटत नाहीत. पण चोपड्याच्या बाजारात हे लिहून कोण ठेवतं. म्हणून शहाणा अडत्या अण्णांना सरळ सांगतो, मला तुमच्याशी बोलायचं नाही, नानांना भेटा.

आणि नानांनी नव्या बिलावर अण्णांची सही घ्यायच्या आधी जुनं बिल अडत्याकडून परत मागवायचं, त्यावर रद्द असं आडवं लिहायचं आणि अण्णांच्या हातात द्यायचं. अण्णांनी पण ते हातात आल्याशिवाय नव्यावर सही करू नये, नाहीतर एकाच डाळीची दोन स्वीकारलेली बिलं बाजारात फिरतात. नवं बिल मुदतीचं आहे, त्याला स्टॅम्प पण नवा लागतो, जुन्यावरचा चालत नाही, तो खर्च कोणाचा ते त्याच बैठकीत बोलून घ्यायचं. आपल्या गोष्टीत तो अण्णांनी भरला, म्हणून नानांच्या वहीत तो कुठेच दिसत नाही.