रद्द करा, की रद्द करा?

अभिनंदन! दर महिन्याला घरपोच खाऊचा डबा पाठवण्याचा धंदा तुम्ही सुरू केलात. आठ पाकिटं, ५९९ रुपये, पाच तारखेला पैसे आपोआप कापले जाणार, आठ तारखेला डबा निघणार. पाकिटांवर वारली चित्रं काढून झाली, 'आजीच्या हातची चव' असं छापूनही झालं (आजी तीन पाळ्यांत काम करते, ते जाऊ द्या). आता एकच पान उरलंय, जिथून ग्राहक डबा थांबवतो किंवा बंद करतो ते. हे पान कुणा भल्या माणसाकडून लिहून घेऊ नका. भली माणसं असल्या पानाची पार वाट लावतात.

पहिली गोष्ट, ते पान सापडता कामा नये. 'माझं खातं', मग 'सेटिंग', मग 'प्राधान्यक्रम', मग 'इतर', आणि त्याच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत. इतकं करूनही एखादी बाई तिथवर पोचलीच, तर खरी लढाई बटणांवर लढायची. आणि इथे मायमराठी तुमच्या पाठीशी उभी राहते.

इंग्रजी पानाचे शब्द एका तक्त्यात घालून भाषांतराला पाठवा. कुठला शब्द कुठल्या बटणावर बसणार आहे, हे मात्र सांगू नका. परत येईल ते रत्न असं: वर प्रश्न, 'तुम्हाला नक्की रद्द करायचं आहे?' खाली दोन बटणं. डावीकडे 'रद्द करा', उजवीकडे 'रद्द करा'. एकाने डबा रद्द होतो, दुसऱ्याने रद्द करणं रद्द होतं. कुणी जाणूनबुजून केलं, असा आरोपही करता येत नाही. इंग्रजीत दोन ठिकाणी 'कॅन्सल' होतं, भाषांतरकाराने इमानेइतबारे दोन्ही ठिकाणी तोच शब्द घातला.

एवढ्यावर समाधान नसेल, तर पुढच्या पानावर 'सुरू ठेवा' लिहा. काय सुरू ठेवा? डबा, की डबा बंद करण्याची प्रक्रिया? ज्याचं त्याने ठरवावं. आणि शेजारीशेजारी 'थांबा' आणि 'थांबवा' ठेवलंत तर दुधात साखर. 'थांबा' म्हणजे आमच्याकडेच राहा, 'थांबवा' म्हणजे डबा पाठवू नका. एका 'व'चा फरक. चाळिशीच्या चष्म्याशिवाय मोबाईल बघणारा ग्राहक तिथेच गारद.

सोलापूरच्या एक बाई आहेत. त्याही असाच डबा पाठवतात, पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली, शेंगापोळी. त्यांचं पान बघून मला खरंच वाईट वाटलं. बटणावर चक्क लिहिलंय, 'जूनचा डबा नको'. दुसऱ्यावर, 'काही महिने थांबवा'. तिसऱ्यावर, 'कायमचा बंद करा'. आणि मागे फिरायचं असेल तर, 'काही बदलू नका'. बटण दाबल्यावर जे होणार, तेच बटणावर लिहिलेलं. चारही बटणं सारख्याच ठळक अक्षरांत. एवढ्या उघड्या दाराने धंदा कसा करतात देव जाणे.

तुम्ही तारखांच्या बाबतीत तरी शहाणे व्हा. 'दोन महिने थांबवा' एवढंच लिहायचं, पुढे अवाक्षर काढायचं नाही. २० मे रोजी थांबवणाऱ्याला वाटतं, जून आणि जुलैचा डबा येणार नाही. तुमची यंत्रणा मोजते साठ दिवस, म्हणजे १९ जुलै. मग जुलैचा डबा चुकला म्हणून तो दुसऱ्याच दिवशी पाठवायचा, की ऑगस्टपासून सुरू करायचं? 'चुकलेला डबा' तत्परतेने पाठवून द्या. २० जुलैला ५९९ रुपये गेले, की ग्राहकाला तुमची आठवण येते. कशी येते ते विचारू नका.

सोलापूरच्या बाई काय लिहितात? 'जून आणि जुलैचा डबा येणार नाही. ५ ऑगस्टला ५९९ रुपये कापले जातील, ८ ऑगस्टला डबा निघेल. १ ऑगस्टला आम्ही आठवण करू, तेव्हाही नको म्हणता येईल.' महिन्यांची नावं, कापायची तारीख, निघायची तारीख, सगळं एका दमात. आणि महिना निवडायलाही त्यांनी लोकांच्या घरातलं कॅलेंडर ठेवलंय. 'मे महिन्यात गावी जातोय', 'दिवाळीत फराळ घरीच करतो'. दिवाळीच्या महिन्यात चकलीचा डबा घ्या म्हणून लोकांच्या मागे लागायचं सोडून ही बाई स्वतःच विचारते, यंदा नको ना?

आता मुदत. ही तुमच्या हातातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी लागते. म्हणजे पाच तारखेला कापायचे तर सूचना चार तारखेला गेली तरी चालते. तेव्हा बदल करायची मुदत ठेवा ३ तारीख! माणसाला चार तारखेला कळेल की उद्या पैसे जाणार, तो धावत पानावर येईल, आणि पान म्हणेल, 'क्षमस्व, या महिन्याची मुदत संपली.' नियमही पाळला, डबाही खपला. बाईंनी मात्र मुदत चार तारखेच्या रात्री बारापर्यंत नेली आणि स्वतःचा निरोप एक तारखेलाच पाठवायला लागल्या. माल भरायचा तो पैसे आल्यावर, पाच तारखेनंतर, मग आधी दार का लावू, असा त्यांचा हिशेब.

लोक का जातात, हेही समजून घ्या, म्हणजे उलटं औषध देता येईल. डोंबिवलीच्या एका काकूंचं उदाहरण घ्या. चव आवडलेली, तक्रार शून्य. पण घरात माणसं दोन, पाकिटं आठ, त्यात एकाला पथ्य. तिसऱ्या महिन्यात कपाटाच्या वरच्या खणात पाच पाकिटं न फोडलेली. खाऊचा डबा असाच बंद पडतो. भांडण होत नाही, साठा होतो. पानावर दोन्ही 'रद्द करा'मध्ये अडकून काकूंनी शेवटी फोन केला. तुमचा शिकवून तयार केलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी खास वीस टक्के सवलत आहे."

"अरे बाळा, मागचाच चिवडा संपला नाही."

"मॅडम, पुढच्या तीन डब्यांवर वीस टक्के."

"म्हणजे स्वस्तात साठवून ठेवू?"

"मॅडम, मी तुमची भावना समजू शकतो."

शाब्बास! सवलत हा सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा. 'महाग पडतं' म्हणणाऱ्यालाही तोच, 'चकली मऊ पडली' म्हणणाऱ्यालाही तोच, आणि ज्याच्या घरी ठेवायला जागा नाही त्यालाही तोच. सोलापूरकर बाईंच्या पानावर 'पाकिटं साठली आहेत' असं निवडलं, तर समोर एकच ओळ येते: 'दर दोन महिन्यांनी पाठवू का? की चार पाकिटांचा लहान डबा?' त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'नको, बंदच करा'. ते दाबलं की खरोखर बंद. कारण निवडलंच नाही तरी बंद. एकदा विचारतात, दुसऱ्यांदा नाही. ज्याला जायचंय तो जातोच, आणि बाई त्याला जाऊ देतात. एवढी कच्ची माणसं आहेत ही.

ग्राहकाला थोडी लाज वाटायला लावणंही विसरू नका. 'नको, मला पौष्टिक खाणं आवडत नाही' असं बटण असलं, की घरातल्या कर्त्या बाईने ते कसं दाबावं? एक किरकोळ अडचण आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत. असं लाजवणं त्यात आहे, आणि बंद करण्याची वाट लपवणं, लांबवणं, गोंधळात टाकणं हेही आहे. म्हणजे आत्तापर्यंत मी जे प्रेमाने सांगितलं त्यातलं बरंचसं. पण तुम्ही कुठे ते वाचताय? वाचलंत तरी 'आमचं बटण लपलेलं नाही, फक्त सौम्य रंगात आहे' असं म्हणता येईल.

एका दाराचं मात्र तुम्हाला काही करता येणार नाही. काकूंच्या मुलाने फोनवरून सांगितलं, "आई, त्यांच्याशी भांडू नकोस. पैसे पाठवतेस ना, त्याच अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' उघड." तिथे तुमच्या नावासमोर परवानगी रद्द करायची सोय होती, सरळ, एकाच अर्थाची. काकूंनी पिन टाकला आणि विषय संपला. इतकी भिंत बांधली समोरच्या दाराला, आणि मागचं दार दुसऱ्याच्या मालकीचं.

तुमच्याकडे काय राहिलं ते बघा. कारण कळलं नाही. काकू तुमच्या पानावर दोन महिने थांबल्या असत्या, तर पैसे कापायची परवानगी तशीच जिवंत राहिली असती, तुम्ही फक्त दोनदा मागणी पाठवली नसती. ऑगस्टमध्ये काकूंना काहीच करावं लागलं नसतं. आता त्यांना परत आणायचं तर नवी परवानगी, नवा पिन, आणि त्याआधी जुना राग विसरायला लावणं. बाई थांबवायचं बटण एवढ्या मोठ्या अक्षरांत का ठेवतात, त्याचं गुपित बहुधा हेच. त्या ग्राहक सोडत नाहीत, परवानगी सांभाळतात. शिवाय बंद करणाऱ्यालाही त्यांचा निरोप जातो, 'तुमचा डबा बंद केला, पैसे कापायची परवानगीही आम्हीच काढून टाकली, यापुढे काही कापलं जाणार नाही.' स्वतःच्या हाताने!

आता शेवटचं काम, महिन्याचा अहवाल. त्यात 'वाचवलेले ग्राहक' असा एक स्तंभ ठेवा. बंद करायच्या पानावर आला आणि बंद न करता गेला, तो वाचवला. तीन डब्यांनंतर त्यातले किती जण अजून पैसे देताहेत, हे मोजायला बसू नका. किती जणांनी ऑटोपेतून परस्पर परवानगी काढली, हे तर मुळीच नको. तो आकडा पैशांचा हिशेब बघणाऱ्याच्या तक्त्यात 'पैसे कापले गेले नाहीत' या नावाने वेगळा पडलेला असतो, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवायला कुणालाच वेळ नसतो.

काकूंनी पहिल्या दिवशी उजवीकडचं 'रद्द करा' दाबलं होतं. तिमाही सादरीकरणात त्या अजून वाचवलेल्यांच्या हिरव्या खांबात आहेत.