निकोटीनचं च्युइंगम दणकून चावा, उचक्या फुकट मिळवा

सिगारेट सोडायचं ठरवलंत ना? कौतुक करायला घरचे आहेत, मी कामाचं सांगतो. औषधाच्या दुकानातून दोन मिलिग्रॅमच्या निकोटीन च्युइंगमचं पाकीट आणलंत की आतला घडी घातलेला कागद आधी केराच्या टोपलीत टाका. च्युइंगम कसं खायचं हे आपण कागदावर वाचायचं? शाळेत बाकाखाली किती चिकटवली, त्याचा हिशोब तरी आहे का!

आता वेळ निवडा. सकाळी अकराची उत्तम. ऑफिसातले सगळे खाली टपरीवर उतरतात, तेव्हा तुम्हीही उतरा. कटिंग मागवा, पहिला घोट घ्या आणि त्याच तोंडात च्युइंगम टाका. चहाबरोबर सिगारेट होती, तर चहाबरोबर च्युइंगम का नको? मग गाडी थांबवू नका. क्रिकेटचा कॅप्टन स्लिपमध्ये उभा राहून चावतो तसं चावा, एका मिनिटात साठ वेळा तरी. तोंडात मिऱ्यासारखं तिखट लागेल, हिरड्या चुरचुरतील, तोंडाला पाणी सुटेल. कागद म्हणतो की इथे थांबा. पण कागद तर टोपलीत आहे. तोंडात साठलेलं पाणी मोठ्या घोटाने गिळा आणि चावत राहा.

मी असंच केलं. तिसऱ्या मिनिटाला घसा जळजळला, पाचव्या मिनिटाला पहिली उचकी आली आणि साडेअकराच्या मीटिंगमध्ये तिमाहीचे आकडे मी उचकीच्या तालावर वाचून दाखवले. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपलं शास्त्र. म्हणून बाहेर येऊन चिपळूणच्या आत्याला फोन लावला. "आत्या, आठवण काढलीस का?" ती म्हणाली, "नाही रे, मी पोहे परतत होते. पाणी पी गटागटा." मी पाणी प्यायलो, अर्थात च्युइंगम तोंडात ठेवूनच. तोंडात जे काही निकोटीन उरलं होतं तेही पोटात गेलं आणि उचक्यांना नवा जोर चढला.

यामागचं कारण कळलं तर मजा जाईल, पण सांगतो. हे च्युइंगम गोळ्या-बिस्किटांच्या जातीचं नाही. त्यातलं निकोटीन एका राळेला बांधून ठेवलेलं असतं आणि चावलं की लाळेत सुटतं. म्हणजे तुमचा जबडा हा नळ आहे. हळू फिरवलात तर थेंब थेंब येतं, गालाच्या आतली त्वचा ते शोषते आणि ते थेट रक्तात जातं. नळ पूर्ण सोडलात तर गालाला एवढं झेपत नाही. उरलेलं लाळेबरोबर घशाखाली उतरतं. अन्ननलिका आणि जठर त्याने चिडतात, त्यांच्या जवळच्या नसा श्वासपटलाला हिसके देतात आणि आत्या उगाच बदनाम होते. मळमळ, छातीत जळजळ हीसुद्धा त्याच घरची पाहुणी.

यातला खरा विनोद पुढे आहे. पोटात गेलेलं निकोटीन आम्लामुळे नीट शोषलं जात नाही आणि जे शोषलं जातं त्यातलं बरंचसं यकृत वाटेतच मोडून टाकतं. तेव्हा उचक्या पूर्ण मिळतात, तलफ मात्र जिथल्या तिथे. मग तुम्ही म्हणता, "या गमने काही होत नाही," आणि दुसरं फोडता. तेही तसंच. संध्याकाळपर्यंत जबडा ठणकतो, गालाच्या आत जिथे च्युइंगम घासलं तिथे जेवताना आमटी झोंबते आणि तुम्ही टपरीवर उभे राहून जाहीर करता की हे सगळं थोतांड आहे. हातात अर्थातच पेटवलेली सिगारेट.

चहाचीही तीच गोष्ट. गालातून निकोटीन आत शिरायला तोंडात आम्ल नसावं लागतं, म्हणून च्युइंगममध्ये सोड्यासारखे क्षार मुद्दाम घातलेले असतात. त्यांच्यावर चहा, कॉफी, लिंबूसरबत, कोकम किंवा कोला ओतला की त्या क्षारांची मेहनत वाया. म्हणून कागद सांगतो, आधी पंधरा मिनिटं आणि च्युइंगम तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नको. आणि पाणीसुद्धा आधी पिऊन घ्यावं. पण आपण तर कटिंगचा मान राखणार.

मला शेवटी शिकवलं ते आमच्या सोसायटीच्या वॉचमनने. साताऱ्याकडचा माणूस, चुना लावून मळलेली चिमूट गालात धरून रात्रभर गेटवर बसतो. (तंबाखूचं त्याचं कौतुक करत नाही, त्याच्या हिरड्या बघवत नाहीत.) मला उचकताना, जबडा चोळताना बघून त्याने विचारलं, काय खाताय. मी दाखवलं, समजावलं. तो म्हणाला, "साहेब, बार कधी कुणी चावतं व्हय? दाबून ठेवायचा असतो." स्वीडनमध्ये ओवे फर्नो या संशोधकाने 1960 च्या दशकात या च्युइंगमची वाट धरली, तीही अशाच लोकांमुळे. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही, म्हणून खलाशी तोंडात तंबाखू धरत, हे त्याच्या कानावर आलं होतं. आमच्या गेटवरची विद्या आणि पाणबुडीतली विद्या एकच निघाली.

तर ज्यांना उचक्या नकोतच, अशा नीरस लोकांसाठी ती रीत. च्युइंगम तोंडात टाकून सावकाश चावायचं, दहा-पंधरा वेळा, तिखट चव किंवा झिणझिण्या येईपर्यंत. आल्या की थांबायचं आणि ते गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. साधारण मिनिटभराने झिणझिण्या ओसरतात. ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं आणि या वेळी दुसऱ्या बाजूला ठेवायचं. पुण्यातल्या सम-विषम तारखेच्या पार्किंगसारखं समजा. रोज एकाच बाजूला लावलंत तर तिथली जागा सोलवटते. याला इंग्रजीत च्यू अँड पार्क म्हणतात, आणि पुणेकराला पार्किंगची जागा गालात तरी मिळते हे काय कमी आहे? असं अर्धा तास चालतं. चावूनही झिणझिण्या येईनाशा झाल्या की संपलं. कागदात गुंडाळून फेकायचं, कारण पोरांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी गेलं तर उचक्यांवर भागत नाही. कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा आधीच दुखत असेल, तर च्युइंगमऐवजी दुसरं काय, ते डॉक्टरांना विचारायचं.

एक अडचण आहे. सिगारेटचा झुरका काही सेकंदांत डोक्यात पोहोचतो, च्युइंगमला चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून अकराच्या तलफेसाठी साडेदहाला तोंडात टाकावं लागतं आणि चहा सव्वादहाच्या आत आटपावा लागतो. पहिले सहा आठवडे जागेपणी तासा-दोन तासाला एक, मग हळूहळू अंतर वाढवत तीन महिन्यांत बंद. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर दोनऐवजी चार मिलिग्रॅमचं लागतं, तेही आधीच विचारून घ्यावं. एवढं वेळापत्रक सांभाळायचं म्हणजे मीटिंगमध्ये एकही उचकी नाही, टपरीवर रडगाणं गायला काही नाही.

मागच्या आठवड्यात आत्याचाच फोन आला. "दोन महिने झाले, उचकीबिचकी काही नाही का रे तुला? विसरलास वाटतं मला." मी च्युइंगम डावीकडून उजवीकडे सरकवलं आणि म्हटलं, "नंतर बोलतो आत्या, तोंडात आहे."